सदैव ऋणी राहीन, ऐंशी अक्षरांत

बाबांनी लिहिलेला अर्ज कधी नामंजूर होत नाही, असं आर्वीत निदान आमच्या गल्लीत तरी सगळे मानतात. बाबा सरकारी कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले, पण लोकांनी त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. कोणाचा मीटर बदलायचा असो, कोणाच्या पोराचा दाखला अडलेला असो, माणूस सकाळी दारात येऊन जयभीम करतो आणि बाबा खुर्ची पुढे सरकवून म्हणतात, "बस. विषय काय?" विषय कळला की दोन पानी अर्ज तयार. इंग्रजीत हवा असेल तर तीन पानी.

त्यांच्या या अर्जांची मी फार चेष्टा केली आहे. पण एक सांगायलाच हवं. माझ्या आजोबांना अर्ज लिहिता येत नव्हता. तो दुसऱ्याकडून लिहून घ्यायला ते दिवस दिवस एका दुकानाच्या पायरीखाली उन्हात बसून राहत, आणि शेवटी खाली अंगठा उठवत. बाबांनी हे लहानपणी पाहिलं होतं. त्यामुळे "विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन" हे शब्द बाबा लिहितात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो नम्रतेचा नसतो, कमाईचा असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि तरीही मला त्यांचा राग यायचाच.

रागाचं कारण असं, की मी नागपूरची नोकरी सोडून घरी आले होते. चार वर्षं एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी लोकांचे फॉर्म संगणकात भरले. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, पिनकोड. मला अक्षरं काढायची होती. लहानपणापासून मला तेवढंच नीट येतं. म्हणून मी ठरवलं की लोगो काढायचे आणि ते इंटरनेटवर विकायचे, आर्वीत बसून. हे मी घरी सांगितलं आणि आठ दिवसांत बाबांनी नागपूरच्या दुसऱ्या एका कार्यालयात माझ्या नावाने अर्ज केला. तो अर्थातच मंजूर झाला. काम तेच, फॉर्म भरायचं. रुजू व्हायला महिनाभराची मुदत.

मी जेवणाच्या ताटावर बसूनच भांडले. आई म्हणाली, "वरण गार होईल. आधी जेवा, मग भांडजा दोघं." बाबांनी शांतपणे हात धुतला आणि कचेरीतला तोडगा काढला. रुजू व्हायच्या तारखेच्या आत एक काम आलं, एकच, तर नागपूरला नकार ते स्वतः लिहून देतील. नाही आलं तर मी मुकाट्याने बस धरायची.

"आणि एक अट," ते म्हणाले. "तुझा तो मजकूर मी लिहून देतो. तुले इंग्रजी येते, पण अर्जाचं इंग्रजी येत नाई."

हा माणूस एकाच वेळी दोन अर्ज जिंकायला निघाला होता.

आता तो मजकूर म्हणजे काय, ते सांगते. अशा कामांच्या ज्या वेबसाइट आहेत तिथे आपल्या सेवेची एक पाटी लावावी लागते. तिला गिग म्हणतात. पाटीला एक शीर्षक, ते ऐंशी अक्षरांत, मोकळ्या जागा धरून. मग पाच टॅग, म्हणजे गिऱ्हाईक शोधायच्या चौकटीत जे शब्द टाकेल त्यातले पाच. आणि मग वर्णन. वर्णन लांबलचक लिहिता येतं, पण फोनवर आधी त्याच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं "आणखी वाचा"च्या मागे. आणि शीर्षकाची सुरुवात वेबसाइटने आधीच करून ठेवलेली असते: "आय विल". त्यापुढे आपण लिहायचं.

बाबांना पहिला धक्का तिथेच बसला. "मी करीन? अर्जदार सरळ म्हणते का मी करीन? संधी दिल्यास, असं नको?"

"बाबा, तो त्यांचाच नियम आहे."

"उद्धटपणाचा नियम आहे." मग त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला, आणि अर्ध्या तासाने शीर्षक दिलं: आय विल रिमेन एव्हर ग्रेटफुल इफ गिव्हन वन अपॉर्च्युनिटी टू डिझाइन युअर एस्टीम्ड लोगो. म्हणजे, आपला सन्माननीय लोगो रेखाटण्याची एक संधी दिल्यास मी सदैव ऋणी राहीन. मी इंग्रजी अक्षरं मोजली. एक्क्याऐंशी भरली. एक जास्त. मला वाटलं सुटले. बाबा पाच मिनिटं छताकडे बघत बसले, मग "वन"चं "ॲन" केलं आणि बरोबर ऐंशी झाली. इतकं खूश मी त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

टॅगना त्यांनी "सोबत जोडलेली कागदपत्रे" समजून हाताळलं. पाच टॅग दिले: ऑनेस्ट, पंक्च्युअल, ओबिडियंट, ग्रॅज्युएट, आर्वी.

"बाबा, लोगो पाहिजे असलेला माणूस शोधताना 'ओबिडियंट' टाइप करेल का?"

"कराले पाह्यजे," बाबा म्हणाले.

आणि वर्णनाची पहिली ओळ: आदरणीय महोदय, महोदया, मी खाली सही करणारी, कायम राहणार आर्वी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा, नम्रपणे खालीलप्रमाणे निवेदन करते की. इथे ती ओळ संपायची आणि "आणखी वाचा" यायचं. गिऱ्हाइकाला निवेदन आहे एवढं कळत होतं. कशाचं, ते नाही. मी वाद घातला असता, पण माझ्या स्वभावात एक खोट आहे, मी आधी खूप भांडते आणि ऐन वेळेला दमून जाते. म्हटलं, आत्ता होऊ दे यांच्या मनासारखं, नंतर गुपचूप बदलू.

गिग तपासणीला गेली आणि परत आली. बाबांनी वर्णनाच्या शेवटी आमचा घरचा पत्ता आणि दोघांचे मोबाइल नंबर घातले होते. वेबसाइटचं म्हणणं, वैयक्तिक संपर्क इथे देता येत नाही, दुरुस्ती करा. बाबांचा चेहरा उतरला. "त्रुटी काढून परत?" त्यांनी तीनदा विचारलं. "पत्ता नाई तं उत्तर कुठी पाठवतील थे?" त्यांनी पत्ता काढला, पण त्या दिवशी संध्याकाळी फिरायला गेले नाहीत.

दुसऱ्यांदा गिग मंजूर झाली आणि पाटी लागली. मग रोज सकाळी चहा झाला की ते विचारत, "आज टपाल?" मी आकडे उघडून दाखवायची. पाटी किती जणांच्या नजरेसमोर आली, किती जणांनी उघडली, किती कामं आली, असे तीन रकाने असतात. पहिल्या रकान्यात फुटकळ काहीतरी यायचं. दुसऱ्यात आठवड्याभरात एक आला. आम्ही दोघं उड्या मारणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "तो मी असन. काल गल्लीतल्या लोकायले दाखवत होतो."

मग मी यादीत आमची पाटी शोधून पाहिली, गिऱ्हाईक पाहील तशी. छोट्या चौकटीत लांब शीर्षक पूर्ण मावत नाही, कापलं जातं. तिथे लिहिलं होतं: आय विल रिमेन एव्हर ग्रेटफुल इफ गिव्हन ॲन, आणि पुढे तीन टिंबं. मी सदैव ऋणी राहीन, जर मला टिंब टिंब टिंब. मी हसले आणि मग रडायला आलं, कारण मुदतीतले तेरा दिवस गेले होते.

त्या दुपारी मी बाबांना न विचारता सगळं बदललं. माझी अक्कल अशी, की जे वर दिसतात त्यांच्यासारखं लिहायचं. मी आधुनिक, साधा, अनोखा, व्यावसायिक लोगो काढून देईन. टॅग: लोगो, डिझाइन, लोगो डिझाइन, मॉडर्न, बेस्ट. वर्णनाची पहिली ओळ, तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. लिहिताना मला थोडी लाज वाटली, कारण असं माझ्याआधी लाखभर लोकांनी लिहिलेलं होतं. पाटी त्या लाखात गेली आणि दिसेनाशीच झाली. बाबांचं वाचून निदान कोणी हसलं असतं.

चार दिवसांनी मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाजार समितीच्या आवारात व्यापाऱ्यांच्या पोत्यांवर आणि कापसाच्या गाठींवर मार्का मारायचं काम तो करतो. पत्र्यात अक्षरं, चित्रं कापायची, पत्रा पोत्यावर धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा. एका व्यापाऱ्याचा मोर, एकाची कुऱ्हाड, एकाच्या नावाची दोन अक्षरं. बाबा आणि मामाचं पटत नाही. बाबांच्या मते मामाने दहावी करायला हवी होती, मामाच्या मते बाबांनी एखादं वाक्य लवकर संपवायला हवं होतं.

बाबा नेमके कोणाच्या तरी अर्जासाठी बाहेर गेले होते. मामाने माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काऊन व पोरी? कोन मेलं?"

मी सगळं सांगितलं. बाबांचं शीर्षक मराठीत करून वाचलं, मग माझं वाचलं. मामा बाबांच्या शीर्षकाला इतका हसला की त्याला ठसका लागला. माझ्या शीर्षकाला तो अजिबात हसला नाही आणि ते मला जास्त लागलं.

"भाऊजीचं लंबं हाय," तो डोळे पुसत म्हणाला, "पन थे भाऊजीचंच हाय. तुह्यं कोनाचंबी हाय. मी पोत्यावर मालकाचं नाव, गाव, बापाचं नाव, मालक लय चांगला मानूस हाय, असं लिहिलं, तं हमाल वाचत बसन का? त्याले गाडीवरून उडी मारता मारता दिसलं पाह्यजे, माल कोनाचा. तू सांग, तुले असं काय येते जे त्या लाख जनायले येत नाई?"

मामाने आपली पिशवी उपडी केली. आत नवे कापलेले दोन पत्रे होते. एकावर इंग्रजी ओ अक्षर होतं.

"हे कसं कापलं सांग."

हे मला येत होतं. शाळेच्या सुट्ट्यांत मी मामाबरोबर आवारात बसून हेच केलं होतं. ओ सरळ गोल कापला तर मधला गोळा सुटून खाली पडतो आणि पोत्यावर नुसता काळा डाग उमटतो. म्हणून गोळ्याला दोन बाजूंनी पत्र्याची बारीक पट्टी धरून ठेवावी लागते. मामा तिला टाका म्हणतो. टाका फार रुंद ठेवला तर अक्षर तुटकं दिसतं, फार बारीक ठेवला तर पत्रा चार दिवसांत वाकतो. संगणकावर बसून लोगो काढणाऱ्याला हे कळत नाही, कारण पडद्यावरून काहीच खाली पडत नाही.

"मंग हेच लिही," मामा म्हणाला.

मी तिथेच लिहायला बसले. मामाच्या पत्र्याला इंग्रजीत स्टेन्सिल म्हणतात. शीर्षक: मी तुमच्या पिशव्या आणि खोक्यांसाठी एकरंगी स्टेन्सिल लोगो काढून देईन. इंग्रजीत ते साठच्या आसपास बसलं, आणि "स्टेन्सिल लोगो" हे शब्द इतके पुढे आणले की कापलं गेलं तरी ते शिल्लक राहतील. टॅग: स्टेन्सिल लोगो, स्टॅम्प लोगो, एकरंगी लोगो, पॅकेजिंग, कॉफी बॅग. कॉफी कुठून आली असं मामाने विचारलं. मी सांगितलं, मी शोधून पाहिलं, बाहेरच्या देशांत छोटे कॉफी भाजणारे पिशव्यांवर असेच ठसे मारतात. मामाला पटलं नाही, तिथेही लोक पोती उचलतात याचं त्याला बरं मात्र वाटलं.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी जवळपास मामाच्याच आहेत. ट्रकवरून उडी मारणाऱ्या माणसाला तुमचा मार्का ओळखता आला पाहिजे. आणि तुमच्या ओ-चा मधला गोळा पडणार नाही, याची जबाबदारी माझी. चित्र म्हणून मी मामाच्या पत्र्याचा आणि त्याखालच्या पोत्याचा फोटो टाकला. मामाने फोटोत हात यायला हवा असा आग्रह धरला, म्हणून त्याचा काळा झालेला अंगठाही त्यात आहे.

बदल केल्यावर पहिले दोन दिवस पाटी यादीत कुठेच दिसेना. मी अन्न सोडायच्या बेतात होते. तिसऱ्या दिवशी दिसली, आणि तीसुद्धा पहिल्या पानावर, कारण स्टेन्सिल लोगो शोधल्यावर समोर येणारे लोकच मोजके होते.

दरम्यान बाबांना कळलं. ते गल्लीतल्या कोणाला तरी स्वतःची ओळ वाचून दाखवायला गेले आणि तिथे ट्रकची ओळ निघाली आणि फोटोत मामाचा अंगठा. रात्रीच्या जेवणाला आईने विचारलं, भाजी कशी झाली? बाबा म्हणाले, "या घरात संबंधितांना न कळवता परस्पर बदल केले जातात असे निदर्शनास आले आहे." आई म्हणाली, "मी फक्त हिंग घातला." बाबा चिडले की वऱ्हाडी सोडून असं कागदावरचं मराठी बोलतात. आठ दिवस ते तसंच बोलत होते. मला त्याचं हसू येत होतं, आणि त्या हसण्याच्या खाली फार वाईट वाटत होतं. त्यांच्या हातात तेवढी एकच गोष्ट होती आणि तीच मी त्यांच्या पाठीमागे पुसली होती. सांगून पुसायला हवी होती.

मुदतीला पाच दिवस उरले असताना निरोप आला. एका थंड देशातली बाई, भावाबरोबर कॉफी भाजण्याचा छोटा धंदा. तिने लिहिलं होतं, माझा ओ पडला. एवढंच पहिलं वाक्य. तिच्या नावात दोन ओ होते, कोणीतरी सुंदर लोगो काढून दिला होता, तिने त्याचा साचा कापून घेतला आणि दोन्ही गोळे जमिनीवर. ती लोगो शोधत नव्हती, ओ शोधत होती. पाटी उघडल्यावर तिने माझी दुसरी ओळ वाचली आणि लगेच निरोप लिहिला. दोन निरोप इकडून तिकडे गेले आणि तिने काम दिलं.

मी ओरडले नाही. मागच्या अंगणात गेले, तुळशीशेजारच्या दगडावर बसले आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. मग परत येऊन तिचा निरोप पुन्हा वाचला, तेव्हा खाली एक ओळ राहिली होती. ती अशी: मी तुमची लिंक भावाला पाठवली, तो विचारतो आहे की त्यात तुम्ही सदैव ऋणी राहाल असं का लिहिलंय? त्याला ते फार आवडलं.

मला आधी कळेचना. मग मी पाटीचा पत्ता पाहिला, ब्राउझरमध्ये वर दिसतो तो. पाटी पहिल्यांदा लागली तेव्हाच्या शीर्षकावरून वेबसाइट तो पत्ता बनवते. पुढे शीर्षक कितीही बदला, पत्ता तोच राहतो. तिथे बाबांचं अख्खं वाक्य, शब्दाशब्दांत आडव्या रेघा, जसंच्या तसं बसलेलं होतं. मी ज्याला ज्याला ती लिंक पाठवीन त्या प्रत्येकाला, मी या धंद्यात आहे तोवर, सदैव ऋणी राहणार होते.

मी लॅपटॉप उचलून बाबांपुढे ठेवला. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"काम आलं," मी म्हटलं. "आणि हे वाचा."

त्यांनी चष्मा लावला. निरोप वाचला. मग मी बोट ठेवलं तिथे, वरचा पत्ता वाचला, बोट फिरवत, एकेक शब्द.

"म्हणजे मजकूर आहे?"

"आहे. मी काढला तरी निघत नाही. बाबा, मी न सांगता बदललं, चुकलं माझं."

त्यांनी पत्ता पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "जावक क्रमांक आहे तो. एकदा पडला का मंत्री आला तरी बदलत नाई." आणि थोड्या वेळाने, "तुह्या मामाची ओळ कोणती?"

मी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "लहान आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मामाची ही पहिली स्तुती असावी.

मग ते आत गेले आणि कोरा कागद घेऊन आले. नागपूरचा नकार. बोलल्याप्रमाणे ते स्वतः लिहिणार होते, स्वतःच्याच मंजूर अर्जाला. मला वाटलं तीन पानं होतील, म्हणून मी चहा टाकायला गेले. दूध उतू जायच्या आत त्यांनी हाक मारली. कागदावर एकच वाक्य होतं, ट्रकवरून उडी मारता मारता वाचता येईल एवढं: माझ्या मुलीला इथे काम आहे.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी कागद पुन्हा माझ्याकडून ओढून घेतला. त्यांना राहवलं नव्हतं. खाली, सहीच्या वर, बारीक अक्षरांत त्यांनी लिहिलं, आय विल रिमेन एव्हर ग्रेटफुल.